मधल्या खड्याचा डाक

दादाने सोनारकाकांच्या हातावर तीन घाव घातले. पोलिसांना मी हाच आकडा सांगितला. घरच्यांनी पुढे तो एकावर आणला आणि बाजाराने सहावर नेला. मी चार फुटांवर उभा होतो. तीनच.

आकडे मोजायची सवय मला लहानपणापासून आहे. वडील आम्हा दोघा भावांना झावळीच्या देठाने मारायचे. मी मार मोजायचो, म्हणजे किती उरलेत याचा अंदाज यायचा. दादा मोजत नसे. तो देठ धरायचा, हिसकायचा, आणि मग त्याला दुप्पट मिळायचे. मोठेपणी आगाशीची वाडी त्याने सांभाळली, केळी, नारळ, थोडी फुलं. मी शिकून मुंबईला रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत लागलो. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मी राहतो विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर.

प्रयोगशाळेत खडा येतो तो बहुतेक सुटा. पाकिटात, पाकिटावर क्रमांक, कोणाचा ते आम्हाला ठाऊक नसतं आणि नसावंच. मी खडा वजन करतो, प्रकाशात धरतो, आत पाहतो आणि जे दिसेल ते लिहितो. आत म्हणजे खरोखर आत. वरून सगळी लाल माणकं सारखीच. कारखान्यात केलेलं माणिक आणि जमिनीतून निघालेलं माणिक, दोन्हींचं द्रव्य एकच, कठीणपणा एकच, घासून काही कळत नाही. फरक पोटात असतो. जमिनीतलं माणिक वाढताना इतर खनिजं गिळतं. त्यात केसाहून बारीक सुया असतात, तीन दिशांनी गेलेल्या, एकमेकींना साठ अंशांनी छेदणाऱ्या. आम्ही त्याला रेशीम म्हणतो. कधी भरून आलेल्या भेगा असतात, बोटाच्या ठशासारख्या दिसतात. कारखान्यातलं माणिक ज्योतीखाली पावडर वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेलं. त्याचे थर वाकून बसतात, म्हणून आत जुन्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा दिसतात, आणि हवेचे बुडबुडे. काचेत बुडबुडे असतातच, शिवाय पाकात चमचा फिरवल्यासारखे भोवरे असतात, आणि पैलूंच्या कडा वापराने बोथट झालेल्या असतात.

रविवारी ओळखीचे लोक घरी येतात. गिरीजच्या एक निवृत्त शिक्षिका आजीची अंगठी घेऊन आल्या होत्या. चर्चमध्ये कोणीतरी त्यांना म्हणालं होतं की एवढा निळा नीलम असूच शकत नाही. मी भिंगातून पाहिलं तर निळ्या रंगाचे पट्टे सरळ होते आणि कोपऱ्यात काटकोनापेक्षा मोठ्या कोनात वळले होते. कारखान्याच्या नीलमात ते पट्टे धनुष्यासारखे वाकतात. त्यांना म्हटलं, बाई, खरा आहे. त्यांनी अंगठी बोटात घातली आणि म्हणाल्या, "मग आता तिला सांगते, मेली जळते माझ्यावर." असे रविवार मला आवडतात.

दादाचा रविवार वेगळा होता. त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून शनीसाठी नीलम घेतला होता आणि चार वर्षं घातला होता. मी एकदा वाडीवर जेवायला गेलो असता त्याने हात पुढे केला. "बघ रे, तू मोठा पारखी." मी भिंग लावलं. बुडबुडे आणि भोवरे. मी म्हणालो, काच आहे. त्याने अंगठी काढली, मागच्या पडवीत पाट्यावर ठेवली आणि वरवंट्याने चेचली. सोन्याचा पत्रा झाला, काचेचा भुगा. वहिनी ताटं घेऊन उभी होती, ती तशीच आत वळली. संध्याकाळी दादा विकणाऱ्याच्या दुकानात गेला. परतला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं, त्याचं नव्हे. म्हणाला, "दोन दात." त्या माणसाने काच विकली होती हे खरं होतं, आणि खरं ते मी सांगितलं होतं, एवढ्यावर मी मनाचं समाधान करून घेतलं.

आई गेल्या वर्षी गेली. तिच्या मागे एकच मोठा दागिना राहिला, चिंचपेटी. गळ्यालगत बसणारी, सात चौकोनी पेट्यांची, प्रत्येक पेटीत मध्ये एक लाल खडा आणि भोवती मोती. पणजीच्या लग्नातली. दादाच्या मुलीचं लग्न ठरलं की ती तिलाच द्यायची हे आम्ही दोघांनी आईच्या तेराव्यालाच ठरवलं होतं, त्यात वाद नव्हता. यंदा लग्न ठरलं, पण मोत्यांचा दोरा कुजला होता. दादाने ती आगाशीच्या बाजारात सोनारकाकांकडे साफ करून ओवायला दिली.

सोनारकाका सत्तरीचे. त्यांच्या वडिलांपासून आमच्या घरचं काम तिथेच. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, पुढे काचेचा लहान कपाटवजा काउंटर, मागे ऐरण, शेगडी आणि बसायला पाट. खालचे चार दात नव्हते, कवळी खिशात असायची. गिऱ्हाईक आलं की घालायचे, काम करताना काढून ठेवायचे, कारण फुंकणीने फुंकताना ती सुटायची. फोन आला की कवळी खिशातच.

इथे एक शब्द सांगितला पाहिजे, सगळं त्यावर फिरलं. जुन्या दागिन्यात खडा मागून बंद असलेल्या कोंदणात बसवतात आणि त्याखाली चमक यावी म्हणून चांदीचा किंवा कथलाचा पातळ चकचकीत वर्ख ठेवतात. त्याला सोनार डाक म्हणतात. हवा, घाम शिरला की डाक काळा पडतो आणि खडा मंद दिसतो. मग कारागीर कोंदणाची कड उचलतो, खडा काढतो, नवा डाक घालतो, तोच खडा परत बसवतो. डाक हा शब्द या अर्थाने बाजाराबाहेर आता कोणाला माहीत नाही. डाग सगळ्यांना माहीत आहे. डाग म्हणजे ठिपका, आणि आमच्याकडे डाग म्हणजे दागिनासुद्धा. सोन्याचे चार डाग घातले, असं आई म्हणायची.

दादाने चिंचपेटी घरी आणली आणि खिडकीत धरली. सहा खडे गडद, स्वच्छ, एकसारखे. मधला एकदम उजळलेला, आणि त्यात पांढुरकं काहीतरी. पूर्वी असं काही दिसत नव्हतं. त्याने काकांना फोन केला. काका म्हणाले, "मधल्या खड्याचा डाक बदलला. बाकी जसं होतं तसं." दातांशिवाय म्हणाले. दादाने ऐकलं, डाग बदलला.

त्याने मला लगेच फोन केला. मी शनिवारच्या अर्ध्या सुट्टीवर घरी होतो.

"ये. तुझी काच घेऊन ये."

"काय झालं?"

"आईचं माणिक खाल्लं म्हाताऱ्याने. फोनवर कबूल केलंन्."

आम्ही भाऊ आपसात वाडवळी बोलीत बोलतो. इथे सगळं सोपं करून लिहितो आहे, पण तो जे बोलला ते एवढंच होतं. मी म्हणालो, मी येईपर्यंत काही करू नको. तो म्हणाला, "तू ये तर." मनवेलपाड्याहून स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून रिक्षा. पोचायला पंचेचाळीस मिनिटं लागली. भाजीबाजार भरलेला होता, दुपारचे साडेचार. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेलो.

काउंटरची काच फुटून जमिनीवर पसरली होती. काका पाटावर बसलेले नव्हते, बसवलेले होते. दादाचा मेहुणा त्यांच्या मागे गुडघे टेकून बसला होता आणि त्याने त्यांचं उजवं मनगट ऐरणीवर दाबून धरलं होतं. मेहुणा वाडीवर नारळ उतरवतो, त्याच्या पंजात काकांचं मनगट दिसतही नव्हतं. काकांचा वरचा ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवरून बंडीवर आलं होतं. दादाच्या हातात काकांचीच हातोडी होती.

"दादा, सोड त्यांना."

"सोडतो. आधी बघ. चुकीचा निघाला तर सोडत नाही."

"काका," मी खाली बसलो, "काय बदललंत?"

काकांनी तोंड उघडलं. ओठ सुजून दोन बोटं जाड झाला होता. "डा..." असा आवाज आला आणि मग एक गुळणीसारखं रक्त. मलाही डाग असंच ऐकू आलं. खरं सांगायचं तर मीही तेच ऐकायला तयार होऊन आलो होतो.

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "अजून कबूल करतोय."

"बघ की लवकर," मेहुणा म्हणाला. "हात भरून आला माझा."

दादाने सोबत आणलेली चिंचपेटी मी घेतली, शटरच्या उजेडाकडे तोंड करून उभा राहिलो, छोटा टॉर्च बाजूने धरला आणि दहापट भिंग डोळ्याला लावलं. मागून बंद कोंदणात प्रकाश आरपार जात नाही, तो कडेने आत सोडावा लागतो. मी पहिली पेटी धरली. भिंगात सगळं हलत होतं. मी कोपर बरगडीला टेकवलं. पहिल्या खड्यात काही नाही, मग टॉर्च थोडा फिरवला आणि रेषा दिसल्या, वाकलेल्या, समांतर. एका कोपऱ्यात तीन बुडबुडे. दुसऱ्यातही रेषा. तिसऱ्यात रेषा नीट दिसेनात, पण शेपूट असलेला एक बुडबुडा होता. चौथा मधला.

चौथ्यात मी टॉर्चचा प्रकाश सोडला आणि तो रेशमाने भरला. पांढुरकं म्हणून दादाने जे पाहिलं होतं ते तेच होतं. सुया तीन दिशांनी, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. कडेला ठशासारखी भरलेली भेग. आत एक लहान कोनदार स्फटिक. मी प्रयोगशाळेत असतो तर मला आनंद झाला असता. नवा डाक स्वच्छ होता म्हणून खडा उजळला होता, आणि उजळला म्हणून आतलं सगळं दिसत होतं. जुना काळा डाक असताना ते अंधारात होतं.

"मधला खरा आहे," मी म्हणालो. "जमिनीतला. कोणीही बदललेला नाही. असा खडा बदलून आत घालायला कोणी वेडा नाही."

"ठिपके आहेत त्यात."

"ठिपके नाहीत. ते असतात म्हणूनच खरा. स्वच्छ दिसतो त्याचीच भीती."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मेहुण्याने पकड सैल केली, मी स्वतः पाहिलं, अंगठा वर आला. काकांनी डोळे मिटले. तिथे थांबलो असतो तर काकांचा हात वाचला असता. मला विचारलं होतं मधल्याचं, मी सांगितलं होतं मधल्याचं. पण माझ्या हातात अजून तीन पेट्या होत्या आणि अर्धी तपासणी मी कधी सोडलेली नाही. मी पाचवा पाहिला, सहावा, सातवा. सगळीकडे वाकलेल्या रेषा. आणि मी नोंद वाचावी तसं म्हणालो,

"बाकीचे सहा कृत्रिम आहेत."

दुकानात क्षणभर फक्त बाहेरच्या भाजीवालीचा आवाज होता, वालाच्या शेंगा, वालाच्या शेंगा.

"सहा?" दादा म्हणाला.

"दादा, थांब, कधी बदलले ते मला..."

"सहा खाल्लेन्, आणि एक ठेवला तोंड दाखवायला."

मेहुण्याचा अंगठा खाली आला. पहिला घाव तर्जनीवर पडला. हातोडी लहान होती, सोनाराची, आवाजही लहान होता, सुपारी फोडल्यासारखा. काका ओरडले नाहीत, त्यांनी श्वास आत घेतला आणि तो आतच राहिला. दुसरा मधल्या बोटाच्या मुळाशी. मी तेव्हा दादाच्या अंगावर गेलो होतो, पण चिंचपेटी माझ्या हातात होती आणि ती टाकायची नाही म्हणून मी एकाच हाताने त्याला धरलं. त्याने मला कोपराने कपाटावर फेकलं. तिसरा घाव मी उठेपर्यंत पडला, पंजाच्या मागे, आणि त्याबरोबर काकांच्या तोंडून जे आलं त्याला मी शब्दात लिहीत नाही.

मग मी चिंचपेटी खाली ठेवली. खाली पितळी वजनांचा डबा पडला होता. मी तो उचलला आणि दादाच्या तोंडावर मारला. आयुष्यात मी पहिल्यांदा त्याला मारलं. नाकाचं हाड सरकलं. तो दोन पावलं मागे गेला, फुटक्या काचेवर बसला आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघत राहिला की मी दुसऱ्यांदा मारलं नाही, नाहीतर मारणार होतो. मेहुणा हात सोडून शटरखालून बाहेर गेला. तो पळाला की पाणी आणायला गेला हे आजही ठरलेलं नाही, तो पाणी म्हणतो.

काकांनी डाव्या हाताने बंडीचा खिसा चाचपला. कवळी निघाली, तुटलेली. मग ऐरणीखालच्या खणाकडे बोट केलं. मी खण उघडला. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाची खूण. एकीवर आमच्या वाडीचं नाव. उघडली तर काळवंडलेला, अंड्याच्या आकाराचा पातळ पत्रा, नखाच्या निम्म्याएवढा. मधल्या खड्याच्या आकाराचा. त्याच्यावर खड्याच्या पैलूंच्या कडा उमटलेल्या दिसत होत्या. काकांनी तो जुना डाक मागितला तर परत द्यायला जपून ठेवला होता. गिऱ्हाइकाची वस्तू म्हणून.

"डा-क," काका म्हणाले. दोन तुकड्यांत. क वर जोर देताना ओठातून पुन्हा रक्त आलं.

आणि तेव्हा, सगळं होऊन गेल्यावर, मी चिंचपेटी पुन्हा उचलली आणि जे आधी पाहायचं ते पाहिलं. खडे नव्हे, कोंदणाच्या कडा. मधल्या कोंदणाची कड उचलून परत दाबलेली होती, तिच्यावर हत्याराच्या ताज्या, चकचकीत खुणा होत्या, बारीक, सुबक. इतर सहांच्या कडा घासून घासून खड्याशी एकजीव झाल्या होत्या, फटीत तीन पिढ्यांचं तेल आणि हळद साफ करूनही न निघणारी, दगडासारखी बसली होती. त्या सहा कोंदणांना पणजीपासून कोणी हात लावलेला नव्हता. तसे खडे बाजारात शंभराहून जास्त वर्षं मिळतात. करणाऱ्याने मध्ये एक खरा घातला आणि बाजूला कारखान्याचे सहा जोडले, किंवा पणजोबांनी तेवढंच सांगितलं असेल. आमच्या घरात कोणी कधी आत पाहिलंच नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

मीही कडा पाहिल्या नाहीत. माझ्याकडे खडे सुटे येतात. सव्वीस वर्षं मी आत पाहतो, बाहेर पाहायचं काम माझं नसतं. ती सवय मी त्या खोलीत घेऊन गेलो. आधी कडा पाहिल्या असत्या तर "बाकीचे सहा पहिल्यापासूनच कृत्रिम" असं वाक्य झालं असतं. पहिल्यापासूनच, एवढा एक शब्द. मी तो वगळला कारण तेव्हा तो मला माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायच्या आधी बोललो.

दादाला मी डाक दाखवला, कडा दाखवल्या, भिंग त्याच्या डोळ्याला लावलं. नाकातून रक्त गळत होतं, भिंगावर पडलं, ते मी पुसलं. त्याने पाहिलं. म्हणाला, "मला कसं कळणार?" मी म्हणालो, "विचारून."

रिक्षेत काका माझ्या खांद्याला टेकून होते, पंजा माझ्या रुमालात. मधलं बोट भलत्या दिशेला वळलं होतं. रिक्षेवाला आरशातून सारखा बघत होता. काका एकदाच बोलले, "चिमटा धरता येईल का विचार डॉक्टरला. बाकी काही विचारू नको." मी विचारलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला आणि म्हणाले, दोन बोटं, तीन हाडं, एक सांधा पूर्ण चुरा. जेवता येईल. चिमट्याचं सांगता येत नाही.

पोलीस चौकीत मी जायच्या आधी वहिनी माझ्या घरी आली. महिन्यावर लग्न. "भाऊजी, शटर पडलं हातावर म्हणा. ते म्हातारे आहेत, तेही म्हणतील. तुम्ही म्हणालात तर तेही म्हणतील." ती रडत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिला चहा दिला आणि म्हणालो की मी खोटं बोलणार नाही. ती म्हणाली, "हो, तुमचं खरं आम्ही बघितलंय. त्याच्याच पायी हे झालं." आणि चहा तसाच ठेवून गेली. ती बोलली त्यात चूक काही नव्हती.

हवालदाराने सगळं लिहून घेतलं. किती घाव, तीन. कशाने, हातोडीने. धरलं कोणी, मेहुण्याने. तुम्ही कोणाला मारलंत, भावाला, एकदा, वजनांच्या डब्याने. त्याने मान वर केली.

"आणि पहिला घाव पडला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"सहा खडे कृत्रिम आहेत असं सांगत होतो."

"कोणी विचारलं होतं?"

"नाही."

त्याने तेही लिहिलं.

दादाला आणि मेहुण्याला धरलं, मग जामीन झाला. हातोडी जप्त झाली. चिंचपेटी पंचनाम्यात नोंदवून परत मिळाली. पण बाजारात माझं वाक्य माझ्याआधी पोचलं होतं, आणि माझ्या तोंडचं तेवढंच पोचलं होतं. सहा माणकं खोटी निघाली, लॅबवाल्या भावानेच सांगितलं. काकांच्या दुकानातून तीन घरांनी आपापले दागिने परत नेले. एक बाई तर शटरबाहेर उभी राहून म्हणाली, माझे मोती तरी माझेच आहेत ना. काका गळ्यात हात अडकवून बसलेले, त्यांनी डाव्या हाताने पुडी काढून दिली, मोती मोजून घ्यायला सांगितलं. हाताचं जे व्हायचं ते झालं होतं. आता त्यांचं नाव जात होतं, आणि ते माझ्या तोंडून जात होतं.

मी त्यांना विचारलं, काय करू. मला वाटलं होतं ते खर्चाचं बोलतील, किंवा केसचं. ते म्हणाले, "केस आहे ती आहे, ती मी सोडत नाही. तू दादाला बाजाराच्या दिवशी घेऊन ये. शटर पूर्ण वर असताना. त्याने म्हणायचं मी काय बदललं ते. बास."

दादा यायला तयार नव्हता. मी त्याला म्हणालो, मुलीच्या गळ्यात ती चिंचपेटी घालणार असशील तर ज्याने ती ओवली त्याचं नाव साफ करून घाल. तो म्हणाला, "तू आता वडील झालास काय?" पण आला. नाकावर पट्टी होती. बाजार भरला होता, वालाच्या शेंगावाली होती, मोती परत नेणारी बाई होती, तीही थांबली. मी काउंटरवर चिंचपेटी ठेवली, शेजारी काळा डाक ठेवला आणि भिंग. ज्याला पाहायचं त्याने पाहावं म्हणालो, खडे नका पाहू, कडा पाहा. सात जणांनी पाहिलं. भाजीवालीने दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो एकच उघडलाय. बाकी मळलेत."

मग सगळे दादाकडे बघायला लागले.

"म्हाताऱ्याने डाक बदलला होता," दादा जमिनीकडे बघत म्हणाला.

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले. कवळी नवी होती, शब्द स्वच्छ येत होते. "डाग म्हणालास की डाक?"

"डाक."

"परत. क वर जोर दे."

दादाच्या मानेची शीर उभी राहिली. मूठ वळली, मी पाहिली, काकांनीही पाहिली. त्यांचा उजवा पंजा काउंटरवरच होता, प्लास्टरमध्ये, त्यांनी तो मागे घेतला नाही.

"डाक," दादा म्हणाला. "खड्याखालचा डाक. खडा आमचाच आहे. सहा पहिल्यापासून तसेच होते."

काकांनी मान हलवली आणि मोती परत नेणाऱ्या बाईला विचारलं, काही काम आहे का. ती म्हणाली, उद्या आणते. मोती आणले की नाही मला माहीत नाही. प्लास्टर निघालं तेव्हा तर्जनी वाकत नव्हती, चिमटा धरला की सुटायचा. मोती ओवायचं काम आता त्यांची सून करते, ते शेजारी बसून सांगतात. खटल्यात माझी साक्ष झाली. तिथेही मी तीनच सांगितले, आणि मला कोणी न विचारता मी बोललेलं वाक्यही सांगितलं. दादाचा वकील म्हणाला, म्हणजे चिथावणी तुम्हीच दिलीत. मी म्हणालो, शब्द माझे होते, हातोडी त्याची. न्यायाधीशांनी दोन्ही वाक्यं लिहून घ्यायला सांगितली.